सोळा कामे, पासष्ट दिवस: वडोदऱ्यातल्या एका हॉलच्या स्वयंपाकघराचा क्रिटिकल पाथ

दांडिया बाजार भागातल्या एका मराठी मंडळाच्या हॉलमागे पत्र्याची शेड होती. ती पाडून तिथे २० बाय १४ फुटांचे पक्के स्वयंपाकघर बांधायचे ठरले. काम एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होणार होते आणि हॉलचे पहिले लग्न ६६ व्या दिवशी होते. म्हणजे हातात ६५ दिवस. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "दोन महिन्यांत देतो." कार्यकारिणीला मात्र घोर होता विजेचा. भट्ट्या, मिक्सर, एक्झॉस्ट यांसाठी मंजूर भार वाढवून घ्यायचा होता आणि त्याला महिना लागेल असे कळले होते. प्रत्येक बैठकीची सुरुवात "भाऊ, लाइटचं काय झालं?" याच प्रश्नाने व्हायची.

रिफायनरीतून निवृत्त झालेल्या एका सभासदाने वेळापत्रक मांडायला घेतले. कारखाना बंद ठेवून करायच्या दुरुस्तीची कामे ज्यांनी केली आहेत, त्यांना क्रिटिकल पाथची, म्हणजे कामांच्या कोणत्या साखळीवर शेवटची तारीख ठरते हे शोधण्याची, पद्धत हातची असते. मुळात ती कारखान्यांच्याच कामातून आली. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ती बसवली, आणि त्यांचा प्रश्न सरळ होता: घाई करायला जास्तीचे पैसे मोजायचे, तर ते नेमक्या कोणत्या कामावर?

पहिल्या यादीत प्रत्येक कामापुढे दोनच गोष्टी लिहिल्या: किती दिवस, आणि कोणते काम पुरे झाल्याशिवाय हे सुरूच होऊ शकत नाही. 'सुरूच होऊ शकत नाही' हे शब्द काटेकोर घ्यायचे. 'साधारण यानंतर करतात' हे कारण इथे चालत नाही. ते का, हे पुढे सहाव्या कामात दिसेल.

| क्र. | काम | दिवस | कशानंतर |
|---|---|---|---|
| १ | शेड पाडणे, राडारोडा हलवणे | ३ | – |
| २ | पाया आणि प्लिंथ | ९ | १ |
| ३ | कॉलम आणि विटांच्या भिंती | १० | २ |
| ४ | स्लॅब: सेंट्रिंग, सळई, भराई | ६ | ३ |
| ५ | स्लॅब टेकूवर ठेवणे | १० | ४ |
| ६ | भिंतीत झिऱ्या, वायरिंग-नळाचे पाईप | ४ | ५ |
| ७ | आतला प्लास्टर | ५ | ६ |
| ८ | प्लास्टरला पाणी मारणे | ७ | ७ |
| ९ | फरशी आणि ओटा | ८ | ७ |
| १० | गच्चीचा कोबा, पाणी साठवून तपासणी | ७ | ५ |
| ११ | स्टीलचा हूड बनवून घेणे | १४ | ९ |
| १२ | पुट्टी आणि रंग | ७ | ८, ९, १० |
| १३ | वीजभार वाढवून घेणे | ३० | – |
| १४ | दिवे, पंखे, पॅनेलची जोडणी | २ | १२, १३ |
| १५ | हूड बसवणे | २ | ११, १२ |
| १६ | साफसफाई आणि चाचणी | २ | १४, १५ |

पाचवे काम पाहून कार्यकारिणीतले एक जण चिडले होते. दहा दिवस नुसती वाट पाहायची, त्याला काम कसे म्हणायचे? पण वेळापत्रकाला मजूर दिसत नाहीत, दिवस दिसतात. स्लॅबचा गाळा १४ फुटांचा, म्हणजे साडेचार मीटरच्या आत. काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक आयएस ४५६ याप्रमाणे साध्या सिमेंटच्या अशा स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी काढता येतात. गोणीत आलेले सिमेंट पीपीसी, म्हणजे राखमिश्रित होते. ते सुरुवातीला सावकाश घट्ट होते, म्हणून इंजिनियरने १० दिवस धरले. वरून पाणी देण्याचा किमान काळही मिश्रित सिमेंटला आणि कोरड्या उन्हाळी हवेत १० दिवसांचाच असतो. असे थांबायचे दिवस यादीत वेगळ्या ओळीत लिहिले नाहीत, तर ते शेजारच्या कामात कुठेतरी विरघळतात आणि मग कोणीतरी ते परस्पर 'कमी करून' टाकतो.

आता क्रम लावायचा. ज्या कामांच्या 'कशानंतर' रकान्यात काहीच नाही, ती आधी उचलायची. इथे ती १ आणि १३. ती लिहून झाली की बाकीच्या ओळींमधून त्यांचे आकडे खोडायचे. खोडल्यावर ज्यांचा रकाना रिकामा होतो, ती पुढची कामे. असे शेवटपर्यंत करत गेले की कोणतेही काम त्याच्या आधीच्या कामाच्या वर येत नाही.

मध्येच अडकलो, म्हणजे कामे उरली आहेत पण एकाचाही रकाना रिकामा नाही, तर यादीत चक्र आहे. या यादीच्या पहिल्या खर्ड्यात ते होतेच. ओटा बांधणाऱ्याला शेगडीची मापे हवी होती, शेगडी ठरवायला गॅसचे पाईप टाकणारा हवा होता आणि तो म्हणत होता, "ओटा झाला की बोलवा." दिवस कितीही वाढवले तरी असे चक्र सुटत नाही. त्यातला एक निर्णय बाहेर काढावा लागतो. तीन बर्नरची भट्टी आणि तिची मापे पहिल्याच आठवड्यात कागदावर पक्की केली, आणि गॅसचे पाईप ओट्याच्या कामातच धरले.

क्रम लागला की लवकरात लवकरची सुरुवात काढणे सोपे आहे. आधीच्या सगळ्या कामांमध्ये जे सर्वांत उशिरा संपते, तो दिवस म्हणजे या कामाची सुरुवात. त्यात दिवस मिळवले की शेवट. स्प्रेडशीटमध्ये C रकान्यात दिवस, D मध्ये सुरुवात, E मध्ये शेवट असे मांडले आणि पहिली ओळ शीर्षकांची ठेवली, तर बारावे काम १३ व्या ओळीत येते आणि सूत्रे अशी होतात:

```
D13: =MAX(E9,E10,E11)
E13: =D13+C13
```

मोजणी शून्यापासून करायची. '० ते ३' याचा अर्थ तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ. पुढचे काम चौथ्या दिवशी सकाळी उभे राहते पण तक्त्यात त्याची सुरुवात ३ अशीच लिहायची. काही ओळी शून्यापासून आणि काही एकपासून मोजल्या, की प्रत्येक सांध्याला एक दिवस फुकट वाढतो. सोळा कामांत तो आठवडाभराचा घोळ होऊ शकतो.

आकडे असे आले. शेड ३ ला, प्लिंथ १२ ला, भिंती २२ ला, भराई २८ ला, टेकू ३८ ला, पाईप ४२ ला, प्लास्टर ४७ ला. तिथून फाटे फुटतात: प्लास्टरचे पाणी ५४ ला संपते, ओटा ५५ ला. कोबा वरच्या वर ३८ ते ४५ मध्ये होऊन जातो. रंग ५५ ते ६२. हूडची ऑर्डर मात्र ओटा झाल्यावर, म्हणून तो ५५ ते ६९. बसवून होतो ७१ ला आणि चाचणी संपते ७३ ला.

सगळ्या कामांच्या दिवसांची बेरीज १२६ आहे. तिचा इथे काही उपयोग नाही. प्रकल्प ७३ दिवसांचा, म्हणजे लग्नाला आठ दिवस उशीर.

आता उलटे यायचे. ७३ वरून मागे सरकत प्रत्येक काम उशिरात उशिरा कधी संपले तरी शेवट हलणार नाही, हे काढायचे. इथे MAX च्या जागी MIN येतो, कारण पुढच्या कामांपैकी ज्याला सर्वांत आधी सुरू व्हायचे आहे तोच हुकूम देतो. उशिराची सुरुवात F मध्ये आणि उशिराचा शेवट G मध्ये ठेवला, तर ओट्याच्या, म्हणजे दहाव्या, ओळीत:

```
G10: =MIN(F12,F13)
F10: =G10-C10
```

दोन सुरुवातींमधला फरक म्हणजे त्या कामाची सवड, शेड्यूलच्या भाषेत फ्लोट. विजेच्या कामाला सवड निघाली ३९ दिवसांची! यादीतले सर्वांत लांब काम हेच, आणि शेवटच्या तारखेशी सर्वांत कमी संबंधही याचाच. अर्ज वेळेवर टाकायचा आणि बैठकीत दुसऱ्या विषयाकडे वळायचे, एवढेच त्याचे महत्त्व. ज्यांची सवड शून्य, त्यांची साखळी अशी निघाली: शेड, पाया, भिंती, स्लॅब, टेकू, पाईप, प्लास्टर, ओटा, हूड बनवणे, हूड बसवणे, चाचणी. हा क्रिटिकल पाथ. एकमेकांवर अडलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी हीच, आणि तिची बेरीज बरोबर ७३ येते.

सवडीबद्दल एक गैरसमज नेहमी होतो. तक्त्यात प्लास्टरच्या पाण्याला ८ दिवस आणि रंगाला ७ दिवस सवड दिसते. पाणी मारणारा आणि रंगारी दोघेही आपापली सवड वापरू म्हणतील, तर हिशेब बुडाला. ही सवड त्या फाट्याची आहे, दोघांत मिळून एकच. रंगाला धक्का न लावता पाण्याच्या कामाला खरोखर स्वतःची सवड आहे ती एका दिवसाची, कारण ते ५४ ला संपते आणि रंग ५५ ला लागतो. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांना सांगायचा आकडा हा दुसरा. पहिला आपल्याकडे ठेवावा.

आठ दिवस कुठून काढायचे? कॉन्ट्रॅक्टरचा पहिला प्रस्ताव होता रंगारी वाढवून रंग पाच दिवसांत उरकण्याचा. तक्त्यात ७ च्या जागी ५ घातले तर शेवट ७३ चा ७३. खर्च वाढला, तारीख जागची हलली नाही.

नजर गेली हूडकडे. मकरपुऱ्यातला फॅब्रिकेटर ओटा झाल्यावर प्रत्यक्ष माप घेऊनच पत्रा कापणार होता, आणि त्याचे म्हणणे चूक नव्हते. चुकीच्या मापाचा हूड भंगारात जातो. पण त्याला नेमके काय हवे होते हे विचारल्यावर कळले, की हूड भिंतीवर आणि स्लॅबवर टांगायचा असल्याने त्याला लागतात प्लास्टर झालेल्या भिंतींमधले अंतर, स्लॅबची उंची, डक्टच्या भोकाची जागा आणि शेगड्यांची रेषा. पहिल्या तीन गोष्टी प्लास्टर झाल्याबरोबर मोजता येतात. चौथी नकाशात होती. फरशी व्हायची असली तरी तयार फरशीपासून एक मीटरवरची लेव्हलची रेघ भिंतीवर मारून ठेवली, की उंची तिच्यावरून धरता येते. भिंतीच्या टाइल्सची जाडी, मसाल्यासकट साधारण २० मिलिमीटर, वजा करायला विसरायचे नाही. हूड शेगडीपेक्षा दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच मोठा ठेवलेलाच असतो. ओटा इंचभर सरकला तरी त्यात खपतो.

म्हणून अकराव्या कामापुढचा ९ खोडून तिथे ७ लिहिला. हूड आता ४७ ला सुरू होऊन ६१ ला तयार. सुरुवात आठ दिवस अलीकडे आली, पण प्रकल्प ७३ वरून आला ६६ वर; वाचले सातच. आठवा दिवस गेला कुठे? हूड ६१ ला तयार असला तरी रंग ६२ ला संपतो, आणि रंगाआधी हूड टांगायचा नव्हता. सर्वांत लांब साखळी बदलली. आता ती ओटा आणि रंग यांच्यातून जात होती. हूडचे माप भिंती उभ्या राहताच घेतले असते तरी आणखी एक तासही वाचला नसता. प्रत्येक बदलानंतर तक्ता पुन्हा पहिल्यापासून काढायचा तो याचसाठी. जुन्या साखळीवर बोट ठेवून दिवस कमी करत बसले, की एका टप्प्यानंतर आपण हवेत कापाकापी करत असतो.

रंगारी वाढवायचा तोच प्रस्ताव आता पुन्हा तपासला. रंग ५ दिवसांत केला तर शेवट ६५ ला, म्हणजे दोन दिवसांचे पैसे देऊन एक दिवस मिळतो आणि हाताशी काहीच उरत नाही. तो बाजूला ठेवला.

खरी जागा सापडली सहाव्या कामात. 'टेकू निघाल्यावर झिऱ्या' हे बांधकामावरच्या सवयीतून आलेले होते. छतातले पाईप भराईच्या आधीच सळईत टाकलेले असतात. उरतात त्या भिंतीतल्या झिऱ्या, आणि भिंतींचा टेकूंशी संबंध फक्त अडचणीचा. अट एकच होती: ताज्या स्लॅबला हादरे नकोत. इंजिनियरने भराईनंतर चार दिवस थांबायला सांगितले, छिन्नी-हातोड्याऐवजी कटर मशीन वापरायला लावले आणि बीमजवळच्या झिऱ्या शेवटी घ्यायला सांगितल्या. टेकूंच्या जंगलात वाकून काम करायचे म्हणून इलेक्ट्रिशियनने चारच्या जागी सहा दिवस मागितले. ते देऊनही काम ३२ ते ३८ मध्ये बसते. तेवढ्यात टेकूही निघतात आणि प्लास्टर ४२ ऐवजी ३८ ला सुरू होतो. काम दोन दिवसांनी लांबले आणि प्रकल्प चार दिवसांनी आखडला, हे कार्यकारिणीला पटवायला कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले.

नवी तारीख: प्लास्टर ४३, ओटा ५१, रंग ५८, हूड बसून ६०, चाचणी ६२. एक पैसा जास्त न देता लग्नाआधी तीन दिवस मोकळे. हूडच्या फाट्याला सवड फक्त एक दिवसाची. ती शून्य नाही म्हणून दुर्लक्ष करायचे, हे धोक्याचे. एका दिवसाची सवड म्हणजे क्रिटिकलच समजावे.

या पद्धतीला एक गोष्ट दिसत नाही: माणसे. तक्त्याप्रमाणे ३८ ला आत प्लास्टर आणि वर कोबा एकाच वेळी सुरू होतो, पण दोन्ही कामांना मिस्त्रींची तीच जोडी होती. अशा वेळी ज्याची सवड कमी त्याला आधी माणसे द्यायची. प्लास्टरला शून्य होती, कोब्याला सहा. कोबा पाच दिवस मागे ढकलून ४३ ते ५० मध्ये ठेवला. रंग ५१ ला असल्याने एक दिवस तरीही उरतो.

प्रत्यक्षात भराई २८ ऐवजी ३० ला झाली. सळई वाकवणाऱ्यांची टोळी दोन दिवस दुसऱ्या साइटवर होती. हे स्लॅबचे काम, सवड शून्य, त्यामुळे शेवट सरळ ६४ वर गेला. प्लास्टर ४५ ला संपला आणि त्याच संध्याकाळी हूडची मापे गेली. मग ओट्याचा ग्रॅनाइट एक दिवस उशिरा आला आणि ओटा ५३ ऐवजी ५४ ला झाला. शेवट ६५. तीनही मोकळे दिवस संपले आणि लग्न दुसऱ्या दिवशी.

५४ व्या दिवशी सकाळी तक्ता पुन्हा काढला. हूड ५९ ला तयार होणार होता. रंग सात दिवस चालला तर ६१ ला संपणार, पाच दिवसांत केला तर ५९ ला. महिन्यापूर्वी नाकारलेल्या त्याच जादा रंगाऱ्यांच्या पैशात आता पूर्ण दोन दिवस मिळत होते, कारण हूड त्यांच्या आड येत नव्हता. तिसरा दिवस वाचवण्याचा प्रस्ताव कॉन्ट्रॅक्टरने आणलाच, पण ५९ च्या आत रंग संपवून उपयोग नव्हता. हूड तोवर मकरपुऱ्यातच असणार होता. दोन रंगारी वाढवले, पुट्टीचे दोन हात मात्र मध्ये सुकायला वेळ ठेवूनच दिले. रंग आणि हूड दोन्ही ५९ ला हाताशी आले. हूड टांगणारे आणि इलेक्ट्रिशियन दोन दिवस एकाच खोलीत काम करत राहिले, आणि ६३ व्या दिवशी तिन्ही बर्नर पेटवून एक्झॉस्ट तपासून घेतला. वाढीव भाराची मंजुरी तोवर महिनाभर फायलीत पडून होती.